रिंग पक्की, सनला मोटर: प्लॅनेटरी गिअरबॉक्सचा रेशो कसा काढायचा

प्रश्न: कन्व्हेयरच्या जुन्या इनलाइन प्लॅनेटरी गिअरबॉक्सची नेमप्लेट पुसली गेली आहे. मोटर ५ एचपी, १४४० आरपीएम. खोलून दात मोजले. दोन्ही स्टेजना मिळून एकच लांब रिंग आहे, ७२ दातांची, बॉडीला बोल्टने पक्की. पहिल्या स्टेजचा सन १८ आणि प्लॅनेट २६, दुसऱ्या स्टेजचा सन २४ आणि प्लॅनेट २४. दोन्हीकडे तीन-तीन प्लॅनेट. ७२ भागिले १८ म्हणजे ४, ७२ भागिले २४ म्हणजे ३, एकूण १२. म्हणजे आउटपुटला १२० आरपीएम यायला हवेत, पण टॅकोमीटर ७३ दाखवतो. शिवाय पहिल्या स्टेजला १८ + २६ + २६ = ७० होतात, ७२ नाही. माझं नेमकं कुठे चुकतंय? नवीन गिअरबॉक्स कोणत्या रेशोचा मागवू?

उत्तर:

दात तुम्ही बरोबर मोजलेत आणि टॅकोमीटरही खरं बोलतोय. गिअरबॉक्स २० रेशोचा आहे. पहिली स्टेज ५, दुसरी स्टेज ४, आणि ५ गुणिले ४ म्हणजे २०. तुमच्या हिशोबात प्रत्येक स्टेजला १ मिळवायचा राहिला.

रिंग पक्की, सन इनपुट आणि कॅरियर आउटपुट अशी मांडणी असेल तर सूत्र एवढंच आहे:

रेशो = १ + (रिंगचे दात ÷ सनचे दात)

हा १ कुठून येतो ते एकदा नीट समजलं की सूत्र पाठ करावं लागत नाही, आणि मांडणी बदलली तरी हिशोब चुकत नाही. म्हणून त्यावर थोडा वेळ घालवू.

साध्या गिअरजोडीत दोन्ही शाफ्टची बेअरिंगं बॉडीत एका जागी बसलेली असतात. त्यामुळे दातांचा भागाकार केला की रेशो मिळतो. प्लॅनेटरीमध्ये प्लॅनेटची पिन कॅरियरवर असते आणि कॅरियर स्वतःच फिरत असतो. दातांचा भागाकार इथेही खरा आहे, पण तो कॅरियरवर बसलेल्या माणसाच्या नजरेतून. जत्रेतल्या चक्री पाळण्यात बसलं की बाहेर उभी असलेली माणसं उलट दिशेने फिरताना दिसतात, तशीच कॅरियरवर बसलेल्याला पक्की रिंग उलटी फिरताना दिसते. कॅरियर एक फेरा पूर्ण करतो तेव्हा त्याच्या नजरेत रिंगचा एक उलटा फेरा होतो. रिंगचे ७२ दात प्लॅनेटवरून सरकले, म्हणजे प्लॅनेटच्या दुसऱ्या बाजूने सनचेही ७२ दात सरकले. सनला १८ दात आहेत, म्हणून कॅरियरच्या नजरेत सनचे ४ सुलटे फेरे झाले. तुमचा ४ हाच.

आता पाळण्यातून उतरून जमिनीवर उभे राहा. कॅरियर स्वतः एक फेरा सुलट दिशेने गेलाय, आणि सनचे ते ४ फेरे त्याच्यावर आणखी झालेत. जमिनीवरून बघणाऱ्याला सनचे ४ + १ = ५ फेरे दिसतात आणि कॅरियरचा १. टॅकोमीटर जमिनीवर उभ्या माणसाच्या हातात असतो, त्यामुळे तो ५ च दाखवणार. दिशासुद्धा यातूनच कळते. सन आणि कॅरियर एकाच दिशेने फिरतात.

हाच विचार पुस्तकांत विलिसच्या समीकरणाच्या रूपात येतो. रॉबर्ट विलिस हे केंब्रिजचे प्राध्यापक, १८४१ साली त्यांनी यंत्ररचनेवरच्या ग्रंथात ही पद्धत मांडली. समीकरण असं:

(सनचा वेग − कॅरियरचा वेग) ÷ (रिंगचा वेग − कॅरियरचा वेग) = −(रिंगचे दात ÷ सनचे दात)

रिंगचा वेग शून्य घाला आणि सोडवा, वरचंच सूत्र मिळतं. मी स्वतः पाळण्याच्या पद्धतीनेच करतो, कारण उणे चिन्ह हातातून निसटण्याची भीती त्यात कमी.

दोन स्टेजचा हिशोब करताना १ कुठे मिळवायचा, यावर बरेच जण अडखळतात. काही जण ४ गुणिले ३ करून शेवटी एकदाच १ मिळवतात आणि १३ काढतात. तेही चूक. पहिल्या स्टेजचा कॅरियर दुसऱ्या स्टेजचा सन फिरवतो, म्हणजे पहिली स्टेज आपलं काम संपवून, स्वतःचा १ मिळवून, पुरा वेग पुढे देते. म्हणून आधी प्रत्येक स्टेजमध्ये १ मिळवायचा आणि मग गुणायचं. रिंग दोन्ही स्टेजना एकच आहे म्हणून काही बदलत नाही. ती पक्की आहे, एवढंच महत्त्वाचं.

तुमच्या ७३ चा अर्थ आता लागतो. ७३ गुणिले २० म्हणजे १४६०. नेमप्लेटवर १४४० आहे ते पूर्ण लोडवरचे. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर, स्लिप नसती तर, १५०० ने फिरली असती. पूर्ण लोडवर ती ६० ने मागे पडते, तुमची ४० ने मागे आहे. या पट्ट्यात स्लिप साधारण लोडच्या प्रमाणात वाढते, तेव्हा मोजताना मोटरवर दोन-तृतीयांशच्या आसपास लोड असावा. हा अंदाजच समजा, अचूक आकड्यासाठी क्लॅम्पमीटर लावून करंट आणि वॉटमीटर लावून पॉवर बघा. पण गिअरच्या दातांना स्लिप नसते, त्यामुळे रेशो पक्का कळल्यावर आउटपुटच्या आरपीएमवरून मोटरची अवस्था वाचता येते, हा एक फायदा.

आता ७० आणि ७२ ची गोष्ट. शाळेतल्या आकृतीप्रमाणे रिंगचे दात = सनचे दात + दोन वेळा प्लॅनेटचे दात, हे यायला हवं. दुसऱ्या स्टेजला ते तंतोतंत येतं: २४ + २४ + २४ = ७२. पहिल्या स्टेजला २७ चा प्लॅनेट असता तर तिथेही आलं असतं. बनवणाऱ्याने मुद्दाम एक दात कमी ठेवलाय आणि दाताचा प्रोफाइल बाहेर सरकवून कापलाय, ज्याला प्रोफाइल शिफ्ट म्हणतात. दात सरकवून कापला की मॉड्यूल तेच ठेवून सेंटर अंतर थोडं बदलता येतं. छोट्या सनचा दात बुडाशी जाड होतो, आणि दातांमधली घसरणही दोन्ही गिअरमध्ये नीट विभागली जाते. चांगल्या प्लॅनेटरीत हे नेहमी दिसतं, त्यामुळे एखाद-दोन दातांचा फरक बघून घाबरू नका.

मात्र याच जागी एक खरा सापळा आहे. रिंगचे दात आतल्या बाजूला असतात, ग्रीसने भरलेले असतात, मोजायचा कंटाळा येतो. मग लोक सन आणि प्लॅनेट मोजून रिंग बेरजेने काढतात. तुम्ही तसं केलं असतं तर रिंग ७० धरली गेली असती, पहिली स्टेज ४.८९ आणि एकूण रेशो १९.५६ आला असता. दिसायला फरक छोटा आहे, पण दोन ड्राइव्ह एकाच पट्ट्यावर जोडीने चालत असतील तर हा सव्वादोन टक्क्यांचा फरक एका मोटरवर बराच जास्त भार टाकतो. रेशोच्या सूत्रात प्लॅनेट कुठेच नाही. तो मधला निरोप्या, एका बाजूने जितके दात घेतो तितकेच दुसऱ्या बाजूने देतो. म्हणून रिंग प्रत्यक्षच मोजायची. रिंग डिझेलने धुऊन पुसून घ्या, एका दातावर मार्करने खूण करा आणि दर दहा दातांनी पुन्हा खूण करत जा.

मोजणी बरोबर आली का हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. तीन प्लॅनेट समान अंतरावर, म्हणजे १२० अंशांवर, बसवायचे असतील तर रिंग आणि सन यांच्या दातांच्या बेरजेला ३ ने निःशेष भाग जावाच लागतो. नाहीतर तिसरा प्लॅनेट दातात बसतच नाही. तुमच्याकडे ७२ + १८ = ९०, भाग जातो. ७२ + २४ = ९६, तोही जातो. रिंग चुकून ७३ मोजली असती तर ९१ आणि ९७ आले असते, दोन्ही अडले असते, आणि पुन्हा मोजायचं हे तिथेच कळलं असतं. चार प्लॅनेट असतील तर ४ ने भाग बघायचा. कॅरियरवरच्या पिना समान अंतरावर नसतील तर मात्र ही कसोटी जशीच्या तशी लागत नाही, तेव्हा आधी पिनांमधलं अंतर मोजा.

न खोलताही रेशो काढता येतो, आणि नेमप्लेट नसलेल्या बॉक्सला मी आधी तेच करतो. मोटर उतरवा, सप्लाय लॉक करूनच. पट्टा ताणलेला असेल तर आउटपुटचं कपलिंगही सोडवा. इनपुट आणि आउटपुट दोन्ही शाफ्टवर आणि समोर बॉडीवर खुणा करा. इनपुट एका दिशेला फिरवून आधी बॅकलॅश काढून टाका, मगच खुणा जुळवा आणि त्यानंतर दिशा अजिबात बदलू नका. २० फेरे मारल्यावर आउटपुटची खूण बरोबर जागेवर आली पाहिजे. रेशो १९.५६ असता तर खूण सुमारे ८ अंश पुढे गेली असती. डोळ्यांना ८ अंशांची खात्री वाटत नसेल तर १०० फेरे मारा. २० चा रेशो असेल तर पाच आउटपुट फेऱ्यांनंतर खूण पुन्हा जागेवर येईल, आणि १९.५६ चा असेल तर ती ४१ अंशांनी हुकलेली दिसेल. पूर्णांकात नसलेले रेशो याच पद्धतीने, जास्त फेरे मारून, पकडता येतात.

वेगाचा हिशोब झाला, आता टॉर्कचा, कारण तुमचा "चुकीचा" ४ तिथे कामाला येतो.

५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, आणि १४४० आरपीएमला मोटर पूर्ण लोडवर सुमारे २४.५ न्यूटन-मीटर देते (९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम). नुकसान बाजूला ठेवलं तर पहिल्या कॅरियरवर याच्या ५ पट, म्हणजे १२२.७ न्यूटन-मीटर येतात. मोटरने तर २४.५ च दिले होते, मग उरलेले ९८.२ कुठून आले? रिंगकडून. रिंग प्लॅनेटला मागून टेकू देते, आणि तो टेकू बरोबर ४ पट असतो. दुसऱ्या स्टेजला १२२.७ आत जातात, ४९१ बाहेर पडतात आणि रिंगवर आणखी ३६८ येतात. रिंग एकच असल्यामुळे दोन्हींची बेरीज, म्हणजे सुमारे ४६६ न्यूटन-मीटर, त्या रिंगच्या बोल्टवर आणि डॉवेल पिनांवर पडते, आणि तिथून बॉडीवर. मोटरच्या टॉर्कच्या १९ पट. प्रत्येक स्टेजला दोन-तीन टक्के नुकसान धरलं तर आउटपुटला प्रत्यक्षात ४६० ते ४७० मिळतील.

म्हणूनच "रिंग पक्की आहे" हे नुसतं धरून चालू नका. बोल्ट ढिले पडले, डॉवेल कापल्या गेल्या, तर रिंग सनच्या उलट दिशेने सरकू लागते आणि तेवढा कॅरियरचा वेग कमी होतो. रिंग पूर्ण मोकळी झाली तर आउटपुट लोडखाली उभा राहतो आणि रिंगच आतल्या आत उलटी फिरते. लक्षण ओळखायला सोपं आहे. रिकाम्या पट्ट्यावर आरपीएम बरोबर दिसतात, माल पडला की आउटपुट मोटरच्या प्रमाणाबाहेर उतरतो, आतून घासल्याचा आवाज येतो आणि मोटरचा करंट मात्र अपेक्षेइतका चढत नाही. मोटर आणि आउटपुट दोन्हीकडे एकाच वेळी टॅकोमीटर लावा. भागाकार लोडवर २० च्या वर गेला तर कुठेतरी काहीतरी निसटतंय. ते कपलिंग असेल, शाफ्टची की असेल, नाहीतर रिंग. बॉक्स पुन्हा बसवताना रिंगच्या कडेवरून बॉडीपर्यंत आडवी मार्कर-रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की निदान झालं. ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलमध्ये जिथे प्लॅनेटरी फायनल ड्राइव्ह असतो तिथेही मांडणी हीच. एक्सलवर सन, हाउसिंगमध्ये पक्की रिंग, चाकाकडे कॅरियर.

बेअरिंग बदलताना आणखी एक आकडा लागतो, तो म्हणजे प्लॅनेटच्या पिनवरचा वेग. इथे जमिनीवरचा वेग धरायचा नाही, कारण पिन कॅरियरबरोबर फिरते आणि बेअरिंगला कॅरियरच्या तुलनेतला वेगच जाणवतो. मोटर १४६० ला असताना पहिला कॅरियर २९२ ने फिरतो. कॅरियरच्या नजरेत रिंग २९२ ने उलटी जाते, तेव्हा प्लॅनेट २९२ गुणिले ७२ भागिले २६, म्हणजे सुमारे ८०९ आरपीएमने पिनवर फिरतो. प्लॅनेटचे दात पहिल्यांदा इथे हिशोबात आले. टॅकोमीटरची चमकपट्टी लावून बाहेरून मोजता आलं असतं तर ५१७ दिसले असते, पण नीडल बेअरिंगसाठी ८०९ च धरायचे. पहिल्या स्टेजची बेअरिंगं आधी का जातात याचं एक कारण हा वेग.

नवीन घेताना २० रेशो दोन स्टेजमध्येच मागा. एका स्टेजमध्ये हा रेशो बसत नाही. एका स्टेजला व्यवहारात ३ ते १० पर्यंतच रेशो मिळतो. खालच्या टोकाला, रेशो २ कडे जाऊ लागला की प्लॅनेट आकसत जाऊन नाहीसाच होतो. वरच्या टोकाला सन इतका बारीक होतो की शाफ्टला जाडी उरत नाही, आणि प्लॅनेट इतके मोठे होतात की एकमेकांना घासू लागतात. तीन प्लॅनेट १४ च्या आसपास एकमेकांना भिडतात, चार असतील तर ७ च्याही आधी. ऑर्डरमध्ये रेशोबरोबर आउटपुट टॉर्क किमान ४९१ न्यूटन-मीटर गुणिले तुमचा सर्व्हिस फॅक्टर एवढा लिहा. कन्व्हेयर भरलेला असताना सुरू होत असेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण डायरेक्ट ऑन लाइन सुरू होताना मोटर पूर्ण लोडच्या टॉर्कपेक्षा बरीच वर जाते.

कॅटलॉग बघताना एक गोष्ट तपासा. विंचच्या ड्रममध्ये किंवा क्रॉलरच्या ट्रॅकमध्ये बसणाऱ्या प्लॅनेटरीत शाफ्ट पक्का धरून बॉडीच, म्हणजे रिंग, फिरवली जाते. तुमचाच बॉक्स तसा लावला, आउटपुट शाफ्ट धरून ठेवला आणि रिंग मोकळी सोडली, तर रेशो २० राहत नाही. पाळण्याचा तोच हिशोब केला की १९ येतो, आणि दिशा उलटी. अशा ड्राइव्हच्या तक्त्यात रेशो शाफ्ट आउटपुटचा दिलाय की बॉडी फिरतानाचा, हे वरच्या ओळीत बघून घ्या. तुम्हाला शाफ्ट आउटपुटचा २० हवा आहे, मोटर आणि पुली एकाच दिशेने फिरणारा.